रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र बिघडलेलं: आयबीएस ओळखायचं कसं?

पोटाचा जुना पेशंट दारातून आत आला की आधी त्याची पिशवी दिसते. औषधांच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात दोन-तीन वर्षांचे कागद: सोनोग्राफी, रक्ताचे दहा-बारा रिपोर्ट, शौचाची तपासणी, कधी सीटी स्कॅन, कधी एंडोस्कोपी. बहुतेक कागदांवर एकच निष्कर्ष असतो, नॉर्मल. पेशंट खुर्चीत बसतो आणि वैतागून म्हणतो, "डॉक्टर, सगळं नॉर्मल आहे तर मग मला होतंय काय?"

हल्ली मोबाइलवर 'फुल बॉडी चेकअप'च्या जाहिराती सतत येतात. सत्तर तपासण्या, नव्वद तपासण्या, घरी येऊन रक्त घेणार, वर सवलत. त्यामुळे हा वैताग वाढलाच आहे. इतक्या तपासण्या करूनही सापडत नाही म्हणजे काहीतरी भयंकर असणार, असं माणसाला वाटू लागतं. प्रत्यक्षात यातल्या अनेकांना जो आजार असतो तो तपासणीत सापडणारा नसतोच. तो प्रश्न विचारून सापडतो, आणि ते प्रश्न ठरलेले आहेत. आजाराचं नाव इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आपण त्याला आयबीएस म्हणू.

रस्ता शाबूत, सिग्नल बिघडलेला

एखाद्या चौकात रोज वाहतूक तुंबते. तुम्ही वरून चौकाचा फोटो काढलात तर रस्ता चांगला दिसेल. खड्डा नाही, खोदकाम नाही. बिघाड आहे तो सिग्नलच्या वेळेत. एका बाजूला हिरवा दिवा दहाच सेकंद आणि दुसऱ्या बाजूला दोन मिनिटं. फोटो कितीही महागड्या कॅमेऱ्याने काढला तरी त्यात सेकंद दिसत नाहीत.

आयबीएसमध्ये आतड्याचं असंच होतं. आतड्याला जखम नसते, गाठ नसते, सूज नसते. आतडं आणि मेंदू यांच्यातला निरोपांचा व्यवहार बिघडलेला असतो. आतड्याची हालचाल कधी फार वेगाने होते, कधी रेंगाळते. शिवाय आतड्याच्या नसा जास्त हळव्या झालेल्या असतात. हा हळवेपणा मनाचा खेळ नाही, तो मोजता आला आहे. १९७३ साली लंडनमधल्या रिची नावाच्या संशोधकाने मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात एक छोटा फुगा सोडून तो हळूहळू फुगवला. फुग्यात ६० मिलिलिटर हवा गेली तेव्हा निरोगी माणसांपैकी फक्त ६ टक्के लोकांना दुखलं. आयबीएसच्या पेशंटपैकी ५५ टक्के लोकांना दुखलं. फुगा तोच आणि हवाही तेवढीच होती. तुमच्या आतड्यातून जाणारा नेहमीचा वायू शेजाऱ्याला कळतही नाही आणि तुम्हाला कळ मारून जातो, तो असा.

म्हणून सोनोग्राफी नॉर्मल येणं हे कोडं नव्हे. ती तशीच यायला हवी.

मग डॉक्टर काय पाहतात?

पूर्वीची पद्धत वजाबाकीची होती. कॅन्सर नाही, क्षय नाही, अल्सर नाही, जंत नाहीत, म्हणजे आता उरलं ते आयबीएस. ही पद्धत ऐकायला सुरक्षित वाटते, पण तिला शेवट नसतो, कारण वगळण्यासारखा आणखी एक आजार नेहमीच शिल्लक असतो.

अर्धशिशी आपण अशी ओळखत नाही. अर्ध्या डोक्यात ठणके, उजेड सहन होत नाही, मळमळ, मग अंधाऱ्या खोलीत झोपलं की बरं वाटतं. एवढं ऐकून डॉक्टर नाव सांगतात, प्रत्येकाच्या मेंदूचा एमआरआय काढत बसत नाहीत. आयबीएसलाही असाच चेहरा आहे, हे १९७८ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टर मॅनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. त्यांनी पोटदुखीच्या पेशंटना एक प्रश्नावली दिली, आणि पुढे ज्यांना आतड्याचा दुसरा आजार निघाला आणि ज्यांना निघाला नाही, त्यांच्या उत्तरांत काय फरक होता ते पाहिलं. शौचाला जाऊन आल्यावर दुखणं कमी होणं, दुखायला लागलं की शौच पातळ आणि वारंवार होणं, पोट फुगलेलं दिसणं, अशी काही लक्षणं आयबीएसवाल्यांत बरीच जास्त होती.

त्यानंतर तज्ज्ञांनी हे निकष वेळोवेळी घासून-पुसून घेतले. त्यांना रोम निकष म्हणतात, कारण या कामाची सुरुवात रोम शहरात झाली. सध्याची आवृत्ती चौथी, २०१६ ची. ती अशी वाचायची:

पोटात पुन्हा पुन्हा दुखतं, आणि गेले तीन महिने सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस तरी दुखतं. या दुखण्याबरोबर पुढच्या तीनपैकी किमान दोन गोष्टी असतात: दुखण्याचा शौचाशी संबंध आहे, शौचाला जाण्याच्या वेळा कमी-जास्त झाल्या आहेत, किंवा शौचाचं रूप बदललं आहे. आणि हा सगळा प्रकार सुरू होऊन किमान सहा महिने झालेले आहेत.

संपले निकष. यात रक्त नाही, फोटो नाही. वेळ मात्र दोनदा आली आहे. तीन महिन्यांची अट आहे ती त्रास टिकून आहे हे पाहण्यासाठी, आणि सहा महिन्यांची आहे ती घाई टाळण्यासाठी. चार दिवसांपूर्वी वडापाव खाऊन बिघडलेलं पोट यात बसत नाही, आणि दीड महिन्यापूर्वी अचानक सुरू झालेलं दुखणंही नाही. असं नवं दुखणं असलेल्या माणसाकडे डॉक्टर वेगळ्या नजरेने पाहतात.

'पोट साफ होत नाही' म्हणजे नेमकं काय?

गंमत अशी की निकष सोपे असले तरी आपल्याकडे पेशंट त्या भाषेत बोलत नाही. तो म्हणतो, "पोट साफ होत नाही." या चार शब्दांत किमान चार वेगळ्या तक्रारी राहतात. कुणाला दोन-दोन दिवस शौचाला होत नाही. कुणी रोज जातो, पण कडक होते, जोर करावा लागतो. कुणी सकाळी तीनदा जातो, पातळच होते, पण दर वेळी काहीतरी उरल्यासारखं वाटतं. आणि कुणाला रोज एकदा व्यवस्थित होते, फक्त वेळ सकाळी सहाऐवजी नऊची झाली आहे. पहिल्या दोघांना बद्धकोष्ठ आहे. तिसऱ्याला आहेत जुलाब, आणि त्याला कुणी रेचक दिलं तर त्याची फजिती होणार. चौथ्याला काहीच झालेलं नाही. म्हणून शब्द ऐकून लिहून घेऊ नये, त्याच्या आत काय आहे ते विचारावं.

'गॅस' हा दुसरा शब्द. ढेकर, छातीत जळजळ, पोट फुगणं, बरगडीखाली टोचणं, सगळं गॅसच. रोमच्या चौथ्या आवृत्तीत पोट फुगणं हा निकष नाही, दुखणं मात्र हवंच. आधीच्या आवृत्तीत 'दुखणं किंवा अस्वस्थता' असं होतं. यातली अस्वस्थता काढून टाकली, आणि त्यामागचं एक कारण भाषेचं होतं: काही भाषांत त्या इंग्रजी शब्दाला नेमका शब्द नाही, आणि माणसागणिक त्याचा अर्थ बदलतो. मराठीत आपण 'जड वाटतं', 'कसंतरी होतं', 'गुबारा धरतो', 'मुरडा येतो', 'कळ येते' असे कितीतरी शब्द वापरतो. यातला मुरडा आणि कळ म्हणजे दुखणं, हे उघड आहे. पण 'जड वाटतं' म्हणणाऱ्याला "त्या वेळी पोटावर हात ठेवावासा वाटतो का?" असं विचारलं की अनेकदा तो म्हणतो, "हो, थोडं दुखतंच." मला हा प्रश्न सोनोग्राफीपेक्षा उपयोगी पडलेला आहे.

शौचाचं रूप सांगायला लोक लाजतात. त्यासाठी ब्रिस्टलच्याच डॉक्टरांनी सात चित्रांचा तक्ता केला आहे. पहिला प्रकार शेळीच्या लेंड्यांसारखा, दुसरा अशा लेंड्या एकत्र चिकटून झालेला ओबडधोबड. तिसरा लांबट, वर भेगा. चौथा पिकल्या केळ्यासारखा मऊ आणि अखंड. पाचव्यात मऊ तुकडे, सहाव्यात सरसरीत लगदा, सातव्यात नुसतं पाणी. पहिले दोन म्हणजे मल आतड्यात फार वेळ राहिला आणि त्यातलं पाणी शोषलं गेलं. शेवटचे दोन म्हणजे तो घाईने पुढे सरकला. दवाखान्यात तक्ता समोर ठेवला की साठीच्या आजीसुद्धा न बोलता बोट ठेवतात.

एक फाइल उघडून पाहू

समजा, महेश. (हा एक माणूस नाही. असे बरेच जण मिळून मी त्याला तयार केलंय.) वय ३१, भोसरीकडच्या एका वर्कशॉपमध्ये शिफ्टची नोकरी, वजन ६४ किलो. तक्रार: "पोट साफ होत नाही, गॅस आहे, चौदा महिने झाले." पिशवीत दोन सोनोग्राफी, शौचाचे तीन रिपोर्ट, थायरॉइड, लिव्हर, किडनी, व्हिटॅमिन. एका ठिकाणी कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं पाहणं, करायला सांगितली आहे, आणि तो घाबरून माझ्याकडे आला आहे.

पहिला प्रश्न, सुरुवात कशी झाली? महेशला तारीख आठवते. मित्राच्या लग्नात जेवला, त्या रात्रीपासून चार दिवस उलट्या-जुलाब आणि ताप. ते बरं झालं, पण पोट पूर्वीसारखं झालं नाही. हा महत्त्वाचा धागा आहे. जंतुसंसर्गाचे जुलाब झालेल्यांपैकी साधारण दहातल्या एकाला पुढे आयबीएस होतो. जंतू निघून गेलेले असतात, हळव्या झालेल्या नसा मागे राहतात.

दुसरा प्रश्न दुखण्याचा. बेंबीखाली डावीकडे कळ येते, लगेच जावं लागतं, जाऊन आलं की दहा मिनिटांत उतरते. म्हणजे शौचाशी संबंध आहे. मित्राच्या त्या लग्नाआधी दिवसातून एकदा जायचा, आता सकाळी कामावर निघण्याआधीच तीन-चारदा जातो. म्हणजे वेळा बदलल्या. तक्त्यावर त्याने सहाव्या चित्रावर बोट ठेवलं. रूपही बदललं. दोन पुरेशा होत्या, इथे तिन्ही आहेत.

आठवणीवर फार विसंबायचं नाही म्हणून त्याला दोन आठवड्यांची वही ठेवायला सांगितली. रोज तीनच नोंदी: दुखलं का, किती वेळा गेला, कोणतं चित्र. चौदा दिवसांत सहा दिवस दुखलं, म्हणजे आठवड्याला तीन दिवस. किमान अट एका दिवसाची. नऊ दिवस शौच बिघडलेली होती: आठ दिवस सहावा-सातवा प्रकार, एक दिवस दुसरा.

आता उपप्रकार. फक्त बिघडलेले दिवस मोजायचे. त्यातले पाव हिश्शाहून जास्त दिवस पातळ आणि पाव हिश्शाहून कमी दिवस कडक असतील तर जुलाबाचा आयबीएस. उलट असेल तर बद्धकोष्ठाचा. दोन्ही पाव हिश्शाहून जास्त असतील तर मिश्र. महेशचे नवांपैकी आठ पातळ, एक कडक. जुलाबाचा. उपचार यावरून ठरतात, त्यामुळे वही जुलाबाच्या किंवा बद्धकोष्ठाच्या गोळ्या बंद असतानाची हवी. रोज रात्री चूर्ण घेणाऱ्याची वही चूर्णाची असते, आतड्याची नसते.

धोक्याच्या खुणा विचारल्याशिवाय निकष लावायचे नाहीत

हे वाक्य अर्धवट वाचलेले लोक गोत्यात येतात, म्हणून इथे जरा थांबू. लक्षणं जुळली म्हणजे आयबीएस, हे धोक्याच्या खुणा नसतील तेव्हाच खरं.

महेशला विचारलं: शौचातून रक्त जातं का? आपोआप वजन उतरलं का? रात्री गाढ झोपेतून पोट उठवतं का? (पहाटे जाग आल्यावर जावं लागणं वेगळं. झोपलेल्या माणसाला आयबीएस सहसा उठवत नाही, आतड्याची सूज उठवते.) ताप येतो का, विशेषतः संध्याकाळी? घरात आई-वडील, भावंडं यांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर, आतड्याला सूज आणणारा आजार किंवा गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सिलिॲक आजार आहे का? आणि त्रास पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा वय पंचेचाळिशीच्या पुढे होतं का? मग पोट हाताने तपासलं, गाठ लागते का ते पाहिलं. डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून फिकेपणा पाहिला.

आपल्याकडे संध्याकाळच्या तापाचा प्रश्न विसरून चालत नाही. आतड्याचा क्षय आपल्या भागात आहेच, आणि तो सुरुवातीला पोटदुखी आणि बिघडलेली शौच एवढीच तक्रार घेऊन येऊ शकतो. पण तो सहसा एकटा येत नाही. वजन, भूक, हिमोग्लोबिन यांपैकी काहीतरी बरोबर घेऊन जातो. पन्नाशीपुढच्या बाईला आयुष्यात पहिल्यांदाच पोट फुगायला आणि दुखायला लागलं तर मी आयबीएसचं नावसुद्धा काढत नाही. आधी अंडाशय पाहायला सांगतो.

औषधंही विचारायची. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने जुलाब होतात, लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं. गोळी बदलली की 'आयबीएस' बरा. दुधाचंही तसंच. आपल्यापैकी अनेकांना मोठेपणी दूध पचत नाही. दोन आठवडे दूध बंद करून पाहणं ही बिनपैशाची तपासणी आहे. चहातल्या थेंबभर दुधाने सहसा काही होत नाही, रात्रीच्या पेलाभर दुधाने होतं.

म्हणजे एकही तपासणी नाही?

नाही, थोड्या आहेत, आणि त्यांचं प्रत्येकीचं काम ठरलेलं आहे. जुलाबाच्या प्रकारात साधारण तीन.

पहिली, हिमोग्लोबिनसह साधी रक्ततपासणी. पंडुरोग निघाला तर गोष्ट बदलली. दुसरी, आतड्याला सूज आहे का हे पाहणारी: शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन आणि त्याच्या जोडीला रक्तातलं सीआरपी. कॅल्प्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन आहे. आतड्याच्या अस्तरात सूज असली की पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात आणि हे प्रथिन शौचात उतरतं. साधारणपणे ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर सुजेचा आजार असण्याची शक्यता फार थोडी राहते. तिसरी, सिलिॲक आजारासाठी रक्तातली टीटीजी तपासणी. आपल्याकडे हा आजार उत्तरेत जास्त आणि दक्षिणेत अगदी कमी दिसतो, महाराष्ट्र मध्ये आहे. ही तपासणी पोळी खात असतानाच करायची. यूट्यूब पाहून महिनाभर गहू सोडून आलेल्याची टीटीजी खोटी नॉर्मल येऊ शकते.

बद्धकोष्ठाच्या प्रकारात तर एवढंही लागत नाही. तिथे हिमोग्लोबिन पाहणं बहुतेकदा पुरतं.

महेशच्या बाबतीत इथे एक वळण आलं. हिमोग्लोबिन १४.२, सीआरपी नॉर्मल, टीटीजी नॉर्मल, पण कॅल्प्रोटेक्टिन १४०. घाबरण्याइतकं जास्त नाही, सोडून देण्याइतकं कमी नाही. कोलोनोस्कोपीची चिठ्ठी लिहिण्याआधी एक प्रश्न राहिला होता. "अंगदुखीच्या गोळ्या घेतोस का?" कंबर धरली होती म्हणून आठ दिवस डायक्लोफिनॅक चालू होती. या जातीच्या गोळ्या आतड्याच्या अस्तराला चावतात आणि कॅल्प्रोटेक्टिन वाढवतात. गोळ्या बंद केल्या, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासलं. ३८. दुसऱ्यांदाही वाढलेलं आलं असतं तर कोलोनोस्कोपी करायलाच हवी होती, आणि मीच आग्रह धरला असता.

"पण माझ्या रिपोर्टमध्ये तर आव निघाली होती!"

महेशच्या शौचाच्या एका रिपोर्टवर 'एंटामिबाच्या सिस्ट', म्हणजे अमीबा या जंतूचे कोष, असं होतं, आणि त्यावरून त्याने मेट्रोनिडॅझोलचे चार कोर्स घेतले होते. महाराष्ट्रात 'जुनाट आव' हे निदान इतकं रुळलेलं आहे की त्यावर शंका घेतली तर लोक रागावतात.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन अमीबा अगदी सारखे दिसतात. एक आतड्याला जखमा करतो, दुसरा निरुपद्रवी पाहुणा असतो. नुसती सिस्ट पाहून कोणता ते सांगता येत नाही. खऱ्या आवेत शौचातून रक्त आणि शेम पडते, आणि योग्य औषधाने ती बरी होते. चार कोर्स घेऊन जी 'आव' जात नाही, ती बहुधा आव नसतेच. नुसती शेम आयबीएसमध्येही पडते. मॅनिंगच्या यादीत तीही होती. अशुद्ध पाणी पिणाऱ्या माणसाला लांबलेले जुलाब असतील तर जिआर्डिया या जंतूसाठी शौच एकदा नीट तपासणं योग्य आहे. दर तीन महिन्यांनी तपासत राहणं योग्य नाही.

एखादी तपासणी जास्त केली तर काय बिघडलं?

हा प्रश्न पेशंटपेक्षा त्याचा मोठा भाऊ विचारतो. पैसे मी देतो, सगळं करून टाका.

लॅबचा 'नॉर्मल' आकडा बहुतेक वेळा असा ठरतो की निरोगी लोकांपैकी ९५ टक्के त्या मर्यादेत बसतील. म्हणजे निरोगी माणसाचाही प्रत्येक तपासणीत वीसातून एकदा आकडा बाहेर जाणार. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या तर किमान एक तरी लाल अक्षरात येण्याची शक्यता जवळजवळ ६४ टक्के होते. मग त्या लाल अक्षरासाठी पुढची तपासणी, तिच्यात दिसलेल्या बारीकशा ठिपक्यासाठी सीटी स्कॅन. सोनोग्राफीत पित्ताशयात खडा दिसतो, आणि दुखतंय बेंबीखाली, तरी ऑपरेशन होतं. हे मी रंगवून सांगत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत आयबीएसच्या पेशंटची पित्ताशयाची ऑपरेशनं इतरांच्या तिप्पट आणि अपेंडिक्सची दुप्पट झालेली आढळली. ऑपरेशननंतर पोट पहिल्यासारखंच दुखत राहतं, कारण सिग्नल तसाच असतो.

आणि सगळ्या तपासण्या केल्याने पेशंट जास्त निश्चिंत होतो का? डेन्मार्कमध्ये हे करून पाहिलं. १८ ते ५० वयाचे, धोक्याच्या खुणा नसलेले ३०२ पेशंट घेतले. निम्म्यांना लक्षणं आणि अगदी मोजक्या रक्ततपासण्यांवर निदान दिलं, निम्म्यांच्या भरपूर तपासण्या केल्या, त्यात आतड्याची दुर्बिणीतून तपासणीही होती. वर्षभराने दोन्ही गटांचं जगणं सारखंच होतं, आणि कुणालाही कॅन्सर, सुजेचा आजार किंवा सिलिॲक निघाला नाही. फरक पडला तो खर्चात.

आणि दुसरा आजार सुटला तर?

खरी भीती ही आहे, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. अमेरिकेत बद्धकोष्ठ नसलेल्या ४६६ संशयित आयबीएस पेशंटची कोलोनोस्कोपी केली. सुजेचा आजार दोघांना निघाला, आणि फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी आतड्याची सूज सात जणांना. ही दुसरी सूज चाळिशी-पन्नाशीपुढे जास्त आढळते, म्हणून त्या वयाचे पाण्यासारखे जुलाब वेगळे पाहायचे.

निकष अचूक आहेत असंही नाही. इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात चौथ्या रोम आवृत्तीची परीक्षा घेतली तेव्हा आयबीएस असलेल्या शंभरातल्या ८२ जणांना तिने ओळखलं आणि नसलेल्या शंभरातल्या ८३ जणांना बाहेर ठेवलं. म्हणजे सतरा जण चुकून आत शिरतात. धोक्याच्या खुणा आणि त्या तीन तपासण्या लागतात त्या या सतरांसाठी.

उलट बाजूने निकष जरा कडकही आहेत. जगभरच्या एका मोठ्या ऑनलाइन पाहणीत जुन्या तिसऱ्या आवृत्तीने १० टक्के लोक आयबीएसचे ठरले, तर चौथीने ४ टक्के. बाकीच्यांचं पोट काही बरं झालं नव्हतं, फक्त व्याख्या बदलली. मुळात हे निकष संशोधनासाठी काटेकोर केलेले आहेत. त्यामुळे निकष बनवणाऱ्या गटानेच नंतर सांगितलं की दवाखान्यात त्रास आठ आठवड्यांचा असला, किंवा दुखणं आठवड्यातून एकदापेक्षा कमी असलं, तरी तो त्रास जगण्यात आड येत असेल आणि दुसरा आजार नाही याची डॉक्टरांना खात्री असेल, तर निदान देता येतं. आठवड्यातून एकदा दुखत नाही म्हणून कुणाला परत पाठवायचं नसतं.

निदान सांगून झाल्यावर

महेशला मी 'तुला काही नाही' असं म्हटलं नाही. ते वाक्य ऐकूनच त्याने तीन डॉक्टर बदलले होते. मी आजाराचं नाव सांगितलं, वहीतल्या कोणत्या नोंदींवरून ते ठरलं ते दाखवलं, फुग्याची गोष्ट सांगितली. रात्रीचं दूध बंद, शिफ्टवर निघण्याआधीचे दोन चहा आणि तंबाखू कमी, इसबगोल थोड्या प्रमाणात, आणि कळ येईल तेव्हासाठी एक गोळी. कोलोनोस्कोपीची चिठ्ठी त्याच्यासमोर फाडली नाही, फाइलमध्येच ठेवली. तिच्या मागे लिहून दिलं: रक्त दिसलं, प्रयत्न न करता वजन ६१ च्या खाली गेलं, रात्री झोपेतून उठावं लागलं, किंवा ताप आला, तर ही तपासणी करायची.

तीन महिन्यांनी तो परत आला तेव्हा पिशवी नव्हती, वही होती. चौदा दिवसांत दोन दिवस कळ, सहावं चित्र चार वेळा. वजन ६४.५. त्याला एकच विचारायचं होतं, गावच्या जत्रेत मटण खाल्लं तर चालेल का. थोडं खा म्हटलं, आणि वहीत लिहून ठेव.